जाड नोझलचं तोंड

दिलदारचाचा शिकलगार लहानांवर ओरडतात आणि मोठ्यांपुढं मान डोलावतात. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला मला कुणाची चोरी नाही. उद्यमनगरातल्या त्यांच्या गाळ्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते, आणि ते बघता बघता चाचांनाही बघते. कुरियरवाल्याला "का रं, कागलला चालत जाऊन आलास व्हय?" म्हणून गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस, पांढरे कडक कपडे आणि काळा गॉगल दारात दिसला की खिशातला रुमाल काढून स्टूल पुसायला लागतो. वर "व्हतंय की दादा!" हे आलंच. त्यांच्या मिसेस, नजीराचाची, म्हणतात, "ह्यांस्नी अल्लानं ओरडायला जीभ दिली, न्हाय म्हणायला द्यायची राहूनच गेली."

तसे चाचा मूळचे पॅटर्नवाले. फौंड्रीत पंपाचा किंवा इंजिनाचा जो भाग ओतायचा असतो, त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात करावा लागायचा. सागवानावर पटाशी चालवण्यात चाचांची हयात गेली. मग कारखानदारांची पोरं शिकून आली, कॉम्प्युटरवरनं ड्रॉइंग पाठवायला लागली, आणि चाचांनी करवतीचं मशीन विकून थ्रीडी प्रिंटर घेतला. माझी भरती तेव्हाच झाली. गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला प्रिंटर कसा समजावतात ते ऐकण्यासारखं असतं. "हे बघा पावणं, ह्यो चकलीचा सोऱ्या हाय. वरनं प्लॅस्टिकची तार जाते, मधी ती वितळते, आणि खाली ह्या पितळी टोटीतनं बारीक धार पडते. थरावर थर, थरावर थर, की झाली वस्तू." त्या पितळी टोटीला नोझल म्हणतात. सोऱ्याला जशी बारीक शेवेची जाळी असते आणि जाड शेवेची असते, तशी नोझलंही बारीक-जाड मिळतात. बारीक लावलं तर काम नाजूक येतं पण जीव जाईस्तोवर चालतं. जाड लावलं तर भराभर उरकतं, पण बारकावे पुसतात. जी रेघ धारेपेक्षा बारीक, ती धार काढणार कशी? सगळा धंदा एवढ्यावरच आहे. लोकांना मात्र बारीक शेव जाड शेवेच्या वेळात हवी असते.

आता गाळ्याचं. गाळा अमरसिंह नलवडे यांचा. अमरसिंह म्हणजे आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक. मी शाळेत होते तेव्हापासून ते भावीच आहेत. प्रत्येक बॅनरवर तसं लिहिलेलं असतं. त्यांच्या वडिलांनी चाचांना गाळा दिला तो तोंडी शब्दावर, आणि वडील गेल्यावर तो शब्दही हळूहळू पातळ होत चालला होता. मध्येच त्यांचा कुणीतरी माणूस यायचा, भिंतींना हात लावून बघायचा, आणि "जिमला चांगली जागा हाय," असं हवेत म्हणून निघून जायचा. त्या दिवशी चाचांना जेवण जात नसे. चाचांचं घर म्हणजे दोन खोल्या. तिथं हे मशीन, हे काम कुठं मांडणार? गाळा गेला असता तर पॅटर्नवाला दिलदार शिकलगार संपलाच होता. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही, आणि अमरसिंहांना सगळ्यात जास्त.

तर एका सोमवारी अमरसिंह स्वतः आले. बरोबर सयाजी आणि चार-पाच पोरं. सयाजी म्हणजे अमरसिंहांचा उजवा हात, डावा हात आणि भोंगा. चाचांनी स्टूल पुसलं.

"दिलदार," अमरसिंह बसत म्हणाले, "येत्या रविवारी माझा वाढदिवस. पोरांची इच्छा हाय की चौकात कायतरी कायमचं व्हावं."

"दादांचा पुतळा!" सयाजी ओरडला.

मी म्हटलं, "जिवंतपणी पुतळा?"

सयाजीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच दादांच्या तिरडीची सुतळी आणायला निघालेय. "पुतळा न्हवं ओ ताई. प्रेरणाशिल्प."

पुतळेवाल्या कलाकारांनी चार महिने मागितले होते म्हणे. चार महिने वाढदिवस थांबणार होता थोडाच! कुणीतरी सांगितलं की दिलदारकडं मशीन आहे, नुसतं बटण दाबायचं. अमरसिंहांनी गॉगल काढला, भिंतीवरनं नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "रविवारी सकाळी चौकात बसलं पायजे. बसलं, तर गाळा तुझा. स्टॅम्पवर लिहून देतो. न्हाय बसलं, तर ते जिमवालं रोज फोन करालंय बघ."

"व्हतंय की दादा!" चाचा म्हणाले.

मला त्या क्षणी चाचांचं नरडं दाबावंसं वाटलं. पण मालक ते, मी कोण?

लगेच मोबाइलनं दादांचा चेहरा चारी बाजूंनी टिपून घेतला. त्यावरून मी कॉम्प्युटरवर मुंडकं तयार केलं. खरं सांगते, मॉडेल झकास झालं होतं. कपाळावरच्या आठ्या, डोळ्याखालच्या पिशव्या, गालावरचे देवीसारखे बारीक खड्डे, सगळं जिथल्या तिथं. मंगळवारी सयाजी आणि कंपनी बघायला आली. एकाला नाक लांब वाटलं. एकाला मिशी कमी. एक म्हणाला, "दादांचं पोट दिसत न्हाय." म्हटलं, अरे बाबा, छातीपर्यंतच आहे. मग फेटा घाला असं ठरलं. फेटा घातल्यावर तो शेजारच्या वॉर्डातल्या भावी नगरसेवकाच्या बॅनरवरच्या फेट्यापेक्षा लहान वाटायला लागला, म्हणून शिल्प एक फुटाचं दोन फुटांचं झालं. चाचा प्रत्येक सूचनेला "व्हतंय की" म्हणत होते आणि मी प्रत्येक सूचनेला दातओठ खात होते.

उंची दुप्पट म्हणजे प्लॅस्टिक दुप्पट नव्हे. लांबी, रुंदी, जाडी सगळंच वाढतं. हे मी चाचांना सांगितलं. नेहमीचं ०.४ मिलिमीटरचं नोझल लावून सगळं शिल्प काढायचं तर रविवार काय, त्याच्या पुढचा रविवारही उजाडला असता. ०.८ लावलं तर थरही दुप्पट जाड घेता येतो आणि धारही दुप्पट रुंद, म्हणजे काम जवळजवळ चौपट वेगानं सरकतं. फक्त मग चेहऱ्यावर पन्हाळ्याच्या पायऱ्या दिसतात.

"मग बाराचं लाव की, एक पॉइंट दोन!" चाचा म्हणाले. "आणि पळू दे सुसाट!"

"चाचा, तेवढं प्लॅस्टिक वितळवायला आपल्या हीटरात ताकद पाहिजे ना? सोऱ्या केवढाही घ्या, पीठ मळून व्हायला हवं."

हे त्यांना पटलं, कारण ते त्यांच्या भाषेत होतं. शेवटी दोघांनी मिळून मार्ग काढला, आणि तो चांगला होता. खांदे, छाती आणि फेटा ०.८ नं काढायचे. तिथं कुणाला आठ्या बघायच्यात? चेहरा तेवढा वेगळा, ०.४ नं, पातळ थरात, निवांत. मग जोडायचं, घासायचं, रंग मारायचा. हिशेबानं शनिवारी दुपारी चेहरा उतरायला हवा होता. चाचांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला आणि पहिल्यांदा हसले. "गाळा राहतोय बघ पुनी."

बुधवारी सकाळी मशीन चालू करायच्या वेळी सयाजी परत हजर. हातात नारळ, हार, आणि जोतिबाच्या गुलालाची पिशवी. मुहूर्त करायचा होता. मुहूर्ताला माझी हरकत नाही. खंडेनवमीला आम्हीही मशीनला हार घालतो. चाचा स्वतः नारळ फोडतात, नजीराचाची पेढे वाटतात. पण त्या दिवशी मशीन बंद असतं आणि अंगावर चादर असते. इथं तारेचं रीळ मशीनच्या डोक्यावर उघडं टांगलेलं होतं. मी म्हटलं, "नारळ बाहेर फोडा, गुलाल मशीनला नको. धूळ चालत नाही त्याला."

"धूळ?" सयाजीचा आवाज चढला. "जोतिबाचा गुलाल म्हणजे धूळ व्हय ओ ताई?"

मी चाचांकडं बघितलं. चाचांनी एकदा माझ्याकडं, एकदा भिंतींकडं बघितलं. "असू दे गं पुनी. मानाचा गुलाल हाय. दोन बोटं लावू दे त्यास्नी."

दोन बोटं! सयाजीनं मूठ भरली आणि "दादांचा विजय असो" म्हणून अशी उधळली की गाळा गुलाबी झाला. मी गुलाबी झाले, चाचांची पांढरी दाढी गुलाबी झाली, तारेचं रीळ गुलाबी झालं. मी मशीनचं टेबल पुसलं, पट्टे पुसले, पंखे फुंकले. रीळ वरवर झटकलं. शाबास माझी! तेवढं एक धड केलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण प्लॅस्टिकची तार धूळ धरून ठेवते आणि माझं लक्ष संतापात होतं.

खांदे सुंदर उतरले. छाती उतरली. फेटा तर असा आला की चाचांनी तो स्वतःच्या डोक्यावर धरून आरशात बघितला. दोन दिवस कसलीही तक्रार नाही. मग शुक्रवारी सकाळी आम्ही ०.४ चं नोझल बसवलं, चेहरा लावला, आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत मशीनमधनं टक टक असा आवाज यायला लागला.

हा आवाज मी ओळखते. तार खाली ढकलणारं दातेरी चाक घसरायला लागलं की तो येतो. खाली वाट अडली, म्हणजे नोझल चोंदलं. हनुवटीचे थर विरळ, कोळ्याच्या जाळ्यासारखे पडत होते. धार सरळ खाली न येता एका बाजूला वळून नोझललाच चिकटत होती.

चाचांनी आधी तापमान वाढवलं. मग सुई आणून खालनं भोकात खुपसली. धार मोकळी झाली. "बघ! उगंच घाबरालीस." पुन्हा चेहरा पहिल्यापासून लावला. थोड्या वेळानं पुन्हा टक टक.

"चाचा, सुईनं कचरा वर जातो, बाहेर नाही येत. परत खाली येऊन बसतो. कोल्ड पुल करूया."

"कसलं पुल न् बिल! नवीन नोझल लाव, मोकळं व्हतंय."

एकच नवं होतं, ते लावलं. छान चाललं. चाचांनी जेवण केलं, आणि जेवताना तार पुरवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला: माल बोगस, तार भेसळीची, तू माणूस न्हवंस. तो बिचारा "साहेब, साहेब" करत होता. फोन ठेवेपर्यंत नवं नोझलही चोंदलं. हनुवटी पुन्हा ओठापाशी येऊन संपली. टेबलावर आता दादांच्या तीन अर्धवट हनुवट्या होत्या.

चाचा मटकन खाली बसले. ओरडायलाही विसरले. मग हळूच म्हणाले, "कर बाई तुझं ते काय हाय ते."

कोल्ड पुल म्हणजे फार मोठी विद्या नाही, धीर लागतो. नोझल गरम करायचं, वरनं पांढऱ्या तारेचा तुकडा हातानं दाबायचा, खालनं थोडं प्लॅस्टिक बाहेर येऊ द्यायचं. मग हीटर उतरवायचा आणि गप बसायचं. पार थंड होऊ द्यायचं नाही. नव्वदेक अंशाला प्लॅस्टिक ना धड मऊ ना धड कडक असतं, तेव्हा एकदम हिसका देऊन तार वर ओढायची. आतला सगळा कचरा तिला चिकटून वर येतो. गप बसणं चाचांना जमणार होतं होय? दीडशेवरच त्यांनी हिसका दिला, आणि तार लांबच लांब दोऱ्यासारखी ताणून हातात आली. कचरा आत तो आतच.

"आता हात लावलात तर मी घरी जाईन," मी म्हटलं. आणि खरंच गेले असते.

दुसऱ्या वेळी मी आकडा खाली येईस्तोवर त्यांचा हात धरून ठेवला. मग हिसका. टक करून तार निघाली. टोकाला नोझलच्या आतल्या पोकळीचा आकार जसाच्या तसा उतरला होता. चाचांनी चष्मा वर सरकवून तो बघितला. टोक गुलाबी होतं. मधे मधे करपून काळं झालेलं, पण गुलाबी.

आम्ही दोघांनी एकदम रिळाकडं बघितलं. मी तार दोन बोटांत धरून पुसली. बोटं गुलाबी. ०.८ च्या रुंद भोकातनं तो गुलाल दोन दिवस निमूट निघून गेला होता, खांद्यांत आणि फेट्यात जिरून. ०.४ च्या भोकात तो अडकला, करपला आणि गठ्ठा झाला. नवं नोझल लावून उपयोग काय, वरनं प्रसाद चालूच होता!

"सयाजीऽऽ!" चाचा असे ओरडले की शेजारच्या लेथवाल्यानं लेथ बंद केली. पण सयाजी तिथं नव्हता, आणि असता तर चाचांनी स्टूल पुसलं असतं. हेही मी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं.

पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. टोक फिकट झालं, मग पांढरंशुभ्र आलं. तारेवर स्पंजाचा तुकडा अडकवला, म्हणजे ती पुसूनच आत जाईल. मशीन नव्यासारखं झालं. आणि घड्याळ बघितलं तर शुक्रवार संपत आला होता. ०.४ नं चेहरा काढायचा तर रविवारची पहाट उजाडली असती, वर घासणं, रंगवणं वेगळंच.

"चाचा, फोन करा. सांगा, सोमवार. तुमच्या पोरांच्या गुलालानं झालं म्हणून सांगा."

चाचांनी फोन उचलला. नंबर काढला. तिकडनं अमरसिंहांचा आवाज आला, "झालं का रं?"

"व्हतंय की दादा," चाचा म्हणाले, आणि फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाव आठाचं."

०.८ नं चेहरा शनिवारी सकाळी उतरला. पायऱ्या पुट्टी भरून आणि पॉलिशपेपर मारून बुजवल्या. त्या बुजवताना जे थोडंफार उरलं होतं तेही गेलं. आठ्या गेल्या, पिशव्या गेल्या, खड्डे गेले. ब्राँझचा रंग मारल्यावर समोर एक गुळगुळीत, गोंडस, कुठल्याही साबणाच्या जाहिरातीत शोभेल असा गडी उभा होता. चाचांनी त्याच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली. लाकडात पाव मिलिमीटरची चूक झाली तर पॅटर्न जाळणारा माणूस तो.

अमरसिंह संध्याकाळी बघायला आले. आता हा माणूस काय म्हणतोय म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. ते शिल्पाभोवती एक फेरी फिरले. दुसरी फिरले. मग गॉगल काढून डोळे पुसले.

"दिलदार," ते गहिवरून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर बघितलं."

सयाजी म्हणाला, "दादा, डिट्टो!" बाकीची पोरंही म्हणाली डिट्टो. अमरसिंहांनी चाचांच्या पाठीवर थाप मारली. स्टॅम्पपेपर उद्या कार्यक्रमातच देतो म्हणाले, लोकांपुढं. चाचा हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

रविवारी चौकात मांडव, स्पीकर, हलगी. पाच भाषणं झाली. दादांनी वॉर्डासाठी काय केलं हे पाचही जणांनी सांगितलं, आणि पाचातल्या एकालाही नेमकं सांगता आलं नाही. मग पडदा ओढला. टाळ्या, हलगी, फटाके. अमरसिंहांनी पहिला हार घालायचा मान आईला दिला. शालूबाई, ऐंशीच्या पुढं गेलेली म्हातारी. डोळ्यांना धूसरच दिसतं. दोघींनी धरून तिला वर चढवलं. तिनं हार हातातच ठेवला आणि दुसरा हात शिल्पाच्या तोंडावरनं फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. हनुवटीपाशी अंगठा थांबला. तो तिनं दोन-तीनदा घासला.

"ह्यो कोण?" ती म्हणाली. माइक तिच्या तोंडाशीच होता.

"आई, मीच की!" अमरसिंह हसत म्हणाले.

"तू न्हवं. माझा अमऱ्या म्हशीवरनं पडलाता, हितं हनुवटीला पाच टाकं पडल्यात. ह्याला कुठं हायत? ह्यो दुसऱ्याच कुणाचा तरी हाय."

हलगी थांबली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सयाजीनं घाईघाईनं माइक चाचांच्या हातात कोंबला. "दिलदारभाई, सांगा आईस्नी! डिट्टो हाय म्हणून सांगा!"

चाचांच्या समोर अमरसिंह उभे होते, हातात स्टॅम्पपेपर. बाजूला म्हातारी, अजून अंगठा हनुवटीवर. एक 'व्हय' म्हणायचं होतं. आयुष्यभर म्हणत आलेला शब्द! मी मनात म्हटलं, चाचा, म्हणून टाका, गाळा वाचतोय. खरंच म्हटलं, खोटं कशाला सांगू?

"काकी बरोबर बोलत्यात," चाचा म्हणाले. स्पीकरवरनं चौकभर ऐकू गेलं. "ह्यो अमरसिंह न्हवं. चेहरा बारीक नोझलनं काढायचा व्हता. ह्या सयाजीनं मशीनवर गुलाल उधळला, नोझल चोंदलं, येळ गेला. मग मी जाड नोझलनं रेटलं. जाड नोझलला टाकं येत न्हाईत काकी. चूक माझी हाय. मी तवाच न्हाय म्हणायला पायजे व्हतं."

मग चाचांनी माइक सयाजीला परत दिला आणि मांडवातनं चालू लागले. मी मागनं पळत गेले. मला रडू येत होतं आणि त्यांना दोन धपाटे घालावेसेही वाटत होते.

आठवडाभरात गाळा रिकामा करायला लावला. आम्ही मशीन टेंपोत घालून चाचांच्या घरी आणलं आणि पडवीत, नजीराचाचीच्या पाण्याच्या पिंपाशेजारी मांडलं. चाचींनी फक्त पिंप सरकवलं. फौंड्रीची मोठी कामं तिथं घेता येईनात. चौकातलं शिल्प आहे तिथंच आहे. आता पोरं त्याला गोट्या म्हणतात.

चाचांनी पडवीत पहिलं काय लावलं असेल, तर तोच चेहरा. ०.४ चं नोझल, पातळ थर, कसलीही घाई नाही. माझ्या मॉडेलात हनुवटीला टाके होतेच, ते केसाएवढ्या उंचवट्यांनी उतरले. आठ्या, पिशव्या, खड्डे, सगळं. रंग मारला नाही. "काकीस द्यायचा हाय," एवढंच म्हणाले, आणि निरोप पाठवला.

शालूबाई आली ती अमरसिंहांच्याच गाडीतनं. गाळा रिकामा झाला त्या दिवसापासनं ती लेकाशी बोलत नव्हती म्हणे, त्यामुळं तो मुकाट्यानं घेऊन आला होता. आत मात्र आला नाही. पडवीच्या पायरीशी फोनमध्ये तोंड घालून उभा राहिला. चाचांनी स्टूल पुसलं नाही. म्हातारीला तेवढी खुर्ची दिली आणि चेहरा तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं बोटं फिरवली. कपाळावर. डोळ्यांखाली. गालावर. हनुवटीवर अंगठा आला, थांबला, आणि एक, दोन, तीन, चार, पाच असा सरकला.

"हां," ती म्हणाली. "ह्यो माझा अमऱ्या."

आणि तिनं त्या प्लॅस्टिकच्या गालावर फाडकन एक ठेवून दिली.

"दिलदारला गाळ्यातनं काढतोस व्हय रं? तुझ्या बापाचा शबूद व्हता त्यो!"

नजीराचाचींच्या हातातनं पाण्याचा तांब्या पडला. मी पायरीकडं बघितलं. भावी नगरसेवक अमरसिंह नलवडे फोन हातात धरून उभे होते, आणि त्यांचा दुसरा हात स्वतःच्या गालावर गेला होता.

"देतो आई," ते म्हणाले. "देतो परत."